कपडेपटांतील सहा मिनिटें

नाटक पाहून मंडळी घरीं परतलीं म्हणजे रात्रीं उशिरापर्यंत आपल्याकडे जी चर्चा चालते, तींत बहुधा सर्व कांहीं येतें. अमक्याचें गाणें कसें रंगलें, तमक्याचें भाषण कोठें पडलें, तबलजीनें ठेका कसा संभाळला, हें तर येतेंच; पण माजघरांत बसलेली मंडळी नायिकेच्या शालूचा पदर आणि कांठ यांचेंही असें बारीक परीक्षण करतात कीं एखाद्या पेढीवरल्या मुनिमानें खालीं मान घालावी. मात्र तो शालू तिला नेसविला कोणीं, नायकाच्या अंगरख्याचे बंद बांधले कोणीं, हा प्रश्न निदान आमच्या घरांत तरी कधीं निघाल्याचें आम्हांस स्मरत नाहीं.

हें काम ज्या खोलींत चालतें तिला नाटकमंडळींत कपडेपट असें म्हणतात. रंगपट निराळा, तेथें तोंडें रंगतात. कपडेपटांत पत्र्याच्या पेट्या, भिंतीला ठोकलेल्या खुंट्या, एक इस्तरी आणि एक-दोन माणसें एवढाच संसार असतो. १९१३ सालीं स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या उंची वस्त्रांविषयीं आमच्या आजी मोठ्या कौतुकानें बोलत, व त्या कौतुकाचे धनी अर्थात् बालगंधर्व असत. त्या वस्त्रांच्या घड्या मोडणारे, तीं उन्हापासून जपणारे, उसवलें तें शिवणारे जे कोणी असतील त्यांचा उल्लेख त्यांच्या तोंडून आम्हीं कधीं ऐकला नाहीं.

२०१४ च्या पावसाळ्यांत एका स्नेह्यांच्या ओळखीनें आम्हांस कपडेपटांत बसावयास मिळालें. पुण्यांतील एका नाट्यगृहांत ‘मानापमान’ होतें. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजीं झाला व त्याला चाली गोविंदराव टेंब्यांनीं दिल्या, हें आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. कथानकांतील एक गोष्ट मात्र येथें सांगावयास हवी, कारण पुढील प्रसंगाशीं तिचा संबंध आहे. नायक धैर्यधर हा सेनापति, पराक्रमी पण निर्धन. आणि त्याच्या उलट लक्ष्मीधर हा धनाढ्य व भेकड. त्यामुळें लक्ष्मीधराच्या अंगावर जरी, शेले, माळा यांची नुसती रेलचेल असते. त्याच्या पोशाखांत दहा भोकें पडलीं तरी तीं कोठेंही दडतील. धैर्यधराचा अंगरखा साधा व एकरंगी. त्याला लपावयास जागाच नाहीं.

त्या मंडळीचे कपडेपटवाले साठी उलटलेले गृहस्थ होते. लहानथोर सर्व त्यांना अण्णा म्हणत. अंगांत पांढरा सदरा, आणि सदऱ्याच्या कॉलरखालीं आधींच दोरा ओंवून टोंचून ठेवलेल्या पांच सुया: दोन काळ्या दोऱ्याच्या, एक पांढऱ्या, एक तांबड्या आणि एक खाकी. दोरा प्रत्येक सुईंत कोपरापासून बोटांच्या टोंकापर्यंत, त्याहून लांब नाहीं. “लांब दोऱ्याला गांठी बसतात,” ते म्हणाले. “आणि ऐनवेळीं अंधारांत सुईचें नेढें शोधीत बसायचें नसतें.”

मध्यंतर झालें. धैर्यधराचें काम करणारे गायक तरुण होते. या भूमिकेंतील त्यांचा तो तिसरा कीं चौथाच प्रयोग. मध्यंतरानंतर त्यांना डाळिंबी रंगाचा रेशमी अंगरखा घालून जावयाचें होतें. अंगरखा चढला, अण्णांनीं उजव्या बगलेकडचे बंद बांधले. दुसरी घंटा झाली. फेटा नीट बसला आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं बुवांनीं उजवा हात डोक्यामागें नेला, आणि कागद फाटावा तसा आवाज झाला.

उजव्या बाहीच्या मुंढ्याशीं, पाठीच्या बाजूनें, बगलेपासून वर चार बोटें कापड चिरलें होतें. शिवण उसवली नव्हती, ही गोष्ट अण्णांनीं प्रथम पाहिली. शिवण जशीच्या तशी शाबूत होती. तिच्या अगदीं कडेनें रेशीम फाटलें होतें. हात खालीं असतांना ती चीर कशीबशी मिटे, पण हात वर जातांच दोन बोटें रुंद होऊन आंतलें पांढरें बनियन दिसे. आणि सेनापतीला हात वर न करतां कसें चालेल?

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला. बुवांच्या प्रवेशाआधीं इतर पात्रांचा संवाद होता आणि त्यांत एक पद होतें. अण्णांनीं घड्याळाकडे पाहिलेंच नाहीं. ते कान देऊन उभे राहिले आणि म्हणाले, “संवाद, पद, मग पुन्हां थोडा संवाद. सहा मिनिटें आहेत. पदाला टाळी पडून पुन्हां घ्यावें लागलें तर साडेसात. पण तें धरायचें नाहीं.”

बुवांनीं टांचणी लावा म्हणून घाई केली. आम्हांसही तोच उपाय सुचला होता. अण्णांनीं मान हलविली. जीर्ण रेशमांत टांचणी म्हणजे सगळा ताण एका बिंदूवर. हात उचलतांच ती नवी चीर पाडणार, शिवाय दिव्यांत चकाकणार, आणि उघडली तर गाणाऱ्याच्या फासळींत शिरणार. चिरेचे दोन्ही कांठ एकत्र ओढून टीप मारणें हा दुसरा उपाय. घरीं आपण बहुधा तोच करतों. त्यालाही त्यांनीं नकार दिला, व तो कां हें त्यांनीं नंतर सांगितलें. कांठ ओढले कीं पाठींत निदान अर्धें बोट कापड कमी होतें. साध्या नटाला तें चालून जाईल. गवई श्वास भरतो तेव्हां त्याची छाती आणि पाठ दोन्ही फुगतात. कापडानें तेथें अडविलें कीं श्वास अर्धा राहतो आणि तान मध्येंच तुटते. श्रोते म्हणतात, आज बुवांचा आवाज लागला नाहीं. आवाजाला काय झालें तें दरजालाच ठाऊक!

अंगरखा काढून शिवण्याइतका अवकाश नव्हता. पावसाळ्याच्या दमट हवेंत घामानें बाह्या अंगाला चिकटल्या होत्या, आणि ओढाओढींत चीर खांद्यापर्यंत जाण्याचें भय होतें. तेव्हां अंगावरच शिवणें आलें. अण्णांनीं पेटीच्या झांकणाला बांधलेली एक पुरचुंडी सोडली. नवा पोशाख शिवून आला कीं त्याच्या बेतणींत उरलेल्या चिंध्या ते शिंप्याकडून मागून घेत व पोशाखवार गांठी मारून ठेवीत. डाळिंबी रेशमाचा सात बोटें लांब व चार बोटें रुंद तुकडा निघाला. तोच गज, तोच रंग. पण अंगरखा बारा वर्षें दिव्यांत व उन्हांत विटलेला आणि चिंधी पेटींत राहिल्यानें लखलखीत. अण्णांनीं ती उलटी केली. रेशमाची उलटी बाजू मंद असते, ती विटलेल्या रंगाशीं बरीच जुळली.

“बुवा, उजवा हात माझ्या खांद्यावर. उंच. तेथेंच राहूं द्या.”

बुवांनीं हात ठेवला. अण्णांनीं एक दोरा तोडून त्यांच्या तोंडांत दिला. अंगावरचें वस्त्र शिवूं नये, शिवावेंच लागलें तर शिवतांना तोंडांत दोरा किंवा काडी धरावी, हें आपल्याकडील वडीलधाऱ्या बायकाही सांगतात. बुवा तरुण, ते हंसले. अण्णा म्हणाले, “अशुभ असो वा नसो. तोंडांत दोरा असला कीं माणूस बोलत नाहीं, गुणगुणत नाहीं आणि हलतही नाहीं. तीन मिनिटें मला तेवढें पुरे.”

मग त्यांनीं खिशांतून लग्नाची एक जुनी जाड आमंत्रणपत्रिका काढली व चिरेंतून आंत, बनियनाच्या वर सरकविली. ती नसती तर सुई बनियनासकट सगळें शिवून टाकती आणि प्रयोगानंतर बुवा त्या अंगरख्यांतून सुटते ना. पत्रिकेच्या वर त्यांनीं तें ठिगळ दुमडून त्याच चिरेंतून आंत घातलें आणि फणीच्या दांड्यानें चारी बाजूंनीं पसरविलें. हात वर असल्यामुळें चीर पूर्ण फांकली होती, आणि आम्हांस वाटलें कीं आतां तरी ते ती मिटवतील. त्यांनीं मिटविली नाहीं. ती जितकी उघडी होती तितकीच उघडी ठेवून, आंतून दिसणाऱ्या डाळिंबी ठिगळावर कांठ नुसते टेकविले. हात उंच असतांना जितकें कापड लागतें तितकें त्यांनीं त्या जागीं मिळवून दिलें. हात खालीं आला कीं तेथें एक बारीक चुणी पडेल, आणि बगलेमागची चुणी कोण पाहतो?

बाहेर पद सुरू झालें. ऑर्गनचे स्वर भिंतींतून येत होते. अण्णांनीं तांबड्या दोऱ्याची सुई घेतली, दोरा मेणाच्या तुकड्यावरून एकदां ओढला, आणि चिरेपासून चांगलें एक बोट दूर, जेथें कापडांत अजून जीव होता तेथें, पहिला टांका घेतला. चार कोपरे आधीं अडकविले. नंतर दोन्ही बाजूंनीं लांब, तिरपे, सैल टांके, एकेका बाजूस दहा-बारा. ते इतके विरळ कां, असें आम्हांस वाटलें. पण विचारण्याची ती वेळ नव्हती. शेवटीं चिरेच्या कांठांवरून वळसे घालीत त्यांनीं ते ठिगळाला खिळविले, म्हणजे दशा सुटूं नयेत. दोरा संपल्यावर गांठ न मारतां एकाच जागीं तीन उलटे टांके घेतले, कारण गांठ घाईंत सैल राहते. पत्रिका ओढून काढली. पदाचा अंतरा चालू होता.

आमच्या मतें काम झालें होतें. अण्णांच्या मतें अर्धें झालें होतें. त्यांनीं बुवांचा डावा हात वर करविला, आरशाभोंवतींच्या दिव्याकडे पाठ करून डावा मुंढा उजेडासमोर धरला व पलीकडून पाहिलें. शिवणीच्या कडेनें टांचणीच्या टोंकाएवढे उजेडाचे ठिपके ओळीनें चमकत होते. उजवी बाजू जेथें होती तेथेंच डावी बाजू येऊन ठेपली होती. पहिल्या जोराच्या हातवाऱ्याला ती गेली असती, आणि ती जाती ती रंगभूमीवर.

दुसरें ठिगळ लावण्याइतका वेळ नव्हता. अण्णांनीं कात्री उचलली, आणि जी शिवण धडधाकट होती तीच बगलेच्या खालच्या अंगानें दोन बोटें उसवली.

“अण्णा, अहो हें काय? चांगलें आहे तें कशाला उसवतां?” बुवांच्या तोंडांतला दोरा गळून पडला.

“शिवण उसवली तर उद्यां शिवतां येते. कापड फाटलें तर येत नाहीं. ताण कोठें तरी जाणार. त्याला मी वाट करून देतों. हात मोकळा ठेवून गा.”

उसवलेल्या जागीं दोन्ही टोंकांना त्यांनीं एकेक साधा टांका घातला, म्हणजे शिवण हवी तर हळूहळू सुटेल पण एकदम धांवणार नाहीं. बगलेच्या थेट खालीं असल्यामुळें ती फट समोरून दिसत नव्हती. बाहेर टाळ्या पडल्या. पद पुन्हां घ्यावें लागलें नाहीं. बुवांचा चेहरा पांढरा झाला होता. त्यांनीं एक दीर्घ श्वास घेऊन पाहिला, पाठींत कोठें अडत नाहीं असें दिसलें, दुसरा घेतला, आणि विंगेकडे गेले. अण्णा सुई हातांत घेऊन त्यांच्या मागोमाग विंगेपर्यंत गेले व तेथेंच उभे राहिले. आम्हीही गेलों.

प्रवेश झाला. पदांत एका ठिकाणीं बुवांनीं दोन्ही हात उंचावले, आणि खरें सांगावयाचें तर आमचे डोळे त्यांच्या मुखाकडे नव्हते, बगलेकडे होते. उजवीकडे एक डाळिंबी चुणी उलगडली व मिटली. तान पुरी झाली. सभागृहांत कोणाच्या ध्यानांत कांहीं आलें असेल असें वाटत नाहीं. अण्णा मात्र तान ऐकत नव्हते. पुढल्या प्रवेशाचा शेला कोणत्या खुंटीवर आहे तें ते मदतनिसाला सांगत होते.

प्रयोग संपल्यावर अंगरखा उतरला तेव्हां अण्णांनीं प्रथम डावी बाजू उलटून पाहिली. दोन बोटें उसवलेली शिवण आतां पांच बोटें झाली होती. कापड सुरतें होतें.

मग त्यांनीं आम्हांस कारण सांगितलें, आणि तें आमच्या वाचकभगिनींच्याही उपयोगाचें आहे. या अंगरख्याच्या बाह्या दोन वर्षांपूर्वीं पुन्हां बसविल्या होत्या. बसविणाऱ्यानें दोरा घेतला पॉलिएस्टरचा आणि टीप घातली अतिशय बारीक, काम भक्कम व्हावें म्हणून. पॉलिएस्टरचा दोरा तुटत नाहीं. जुन्या रेशमाहून तो किती तरी बळकट. तेव्हां ताण आला कीं दोरा टिकतो आणि रेशीम कापलें जातें, जसें ताराच्या फासानें लोणी. त्यांतून बारीक टिपेची भोकें जवळजवळ. पोस्टाच्या तिकिटांच्या कडेला भोकांची ओळ असते ना, ती कशासाठीं असते? तेथें फाटावें म्हणूनच. म्हणून वस्त्र जितकें जीर्ण, तितका दोरा हलका आणि टांका विरळ, असा त्यांचा नियम. अण्णांचे ते सैल टांके आम्हांस आतां कळले.

दुसरें कारण घाम. बगलेंतला घाम वाळला कीं क्षार मागें राहतात, आणि दर प्रयोगाला पुन्हां भिजून पुन्हां वाळून रेशमाचा तंतु ठिसूळ होतो. वर गरम इस्तरी फिरविली तर अधिकच. बगलेचें कापड हाताला कडक लागणें, त्यावर पांढरट किंवा पिवळट कडें दिसणें, आणि उजेडासमोर धरल्यावर शिवणीलगत ठिपके चमकणें, हीं तिन्ही लक्षणें ज्यांत दिसलीं तें वस्त्र अण्णा प्रयोगाला देत नसत. त्या दिवशीं सकाळींच मंडळी परगांवाहून आली होती व पेट्या दुपारीं उघडल्या होत्या. या लक्षणांपैकीं शेवटचें आमच्या घरच्या पैठण्यांना आम्हीं पुढें लावून पाहिलें. दोन पैठण्या वर्षानुवर्षें एकाच घडीवर राहिल्यामुळें घडीच्या रेषेंत ठिपके देत होत्या. त्यांची घडी आतां दर तीन महिन्यांनीं बदलते.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही मुद्दाम अण्णांच्या बिऱ्हाडीं गेलों, कारण त्या ठिगळाचें पुढें काय होतें हें पाहण्याची उत्सुकता होती. आमची समजूत अशी कीं इतकें जमलेलें काम ते तसेंच ठेवतील. ते तें उसवीत बसले होते. घाईचें ठिगळ घामासकट ठेवलें तर तेंच पुढल्या चिरेचें कारण होतें, असें त्यांचें म्हणणें. दोन्ही बगला त्यांनीं थंड पाण्यानें हलक्या हातानें टिपून सावलींत वाळविल्या होत्या. चिरलेला पट्टा दोन्ही मुंढ्यांतून सरळ कापून काढला होता. ज्या रेशमांत जीव नाहीं त्यावर रफू करणें म्हणजे वाळूवर रांगोळी काढणें, कारण रफूचा दोरा धरावयास आजूबाजूला धड तंतुच नसतो. कापलेल्या जागीं ते नवे चौबगले बसवीत होते. चौबगला म्हणजे बगलेंत घालावयाचा तो चौकोनी तुकडा. आपल्या आजोबांच्या बंड्यांतून तो असे. त्याची कर्णरेषा हाताच्या दिशेनें ठेवली कीं कापड तिरपें पडतें, तिरपें कापड ताणाला थोडें देतें, आणि हात वर केला तरी मुंढ्यावर ओढ येत नाहीं. मूळ अंगरख्यांत हे चौबगले होतेच. बाह्या पुन्हां बसवितांना शिंप्यानें अंगाला चापून बसावें म्हणून ते काढून टाकले होते.

“फोटोंत छान दिसतो तसा,” अण्णा म्हणाले. “फोटोंत गावें लागत नाहीं.”

चहा आला. त्यांनीं उजवा चौबगला सुती दोऱ्यानें, विरळ टांक्यांनीं पुरा केला, मुंढ्यांत आपली मूठ घालून वरखालीं फिरवून पाहिली, आणि डावा हातीं घेतला. पुरचुंडींतली डाळिंबी चिंधी आतां दोन बोटें उरली होती. ती त्यांनीं दुमडून पुन्हां गांठीत बांधली आणि मुलाला सांगितलें कीं बाजारांतून येतांना तांबड्या सुताची रिळें दोन आण, एक पुरणार नाहीं. लक्ष्मीधराच्याही बाह्या पाहावयाच्या आहेत.